दोन वाजून दहा मिनिटं: तयारी कुठे संपते आणि गुन्ह्याचा प्रयत्न कुठे सुरू होतो

विजय हे काल्पनिक नाव. त्याला कळतं की एका इमारतीतलं दुसऱ्या मजल्यावरचं कुटुंब लग्नासाठी चार दिवस परगावी जाणार आहे आणि त्यांच्या कपाटात दागिने असतात. सोमवारी तो मनाशी ठरवतो की हे घर फोडायचं. बुधवारी तिथे चक्कर मारून जिना, वॉचमनची बसायची जागा आणि दाराचं कुलूप पाहून येतो. शुक्रवारी कटावणी, हातमोजे आणि टॉर्च विकत घेतो. शनिवारी रात्री दीड वाजता दुचाकीवरून निघतो. दोन वाजता भिंतीवरून आवारात उतरतो, जिना चढतो, त्या दारासमोर येऊन पिशवीतून कटावणी काढतो. दोन वाजून दहा मिनिटांनी कटावणी कडीत अडकवून जोर लावतो. कुलूप तुटतं. तो आत जातो, कपाट उघडतो, आतला लॉकर उचकटतो. लॉकर रिकामा असतो, कारण दागिने जाण्यापूर्वीच बँकेत ठेवलेले असतात.

या साखळीत पोलिसांनी त्याला कुठेही पकडलं असतं, तर प्रत्येक ठिकाणी कायद्याचं उत्तर वेगळं आलं असतं. सोमवारी काहीच नाही. शुक्रवारी जवळपास काहीच नाही. दोन वाजून दहा मिनिटांनी सात वर्षांपर्यंतचा कारावास. दोन मिनिटांनंतर, आत शिरल्यावर, चौदा वर्षांपर्यंतचा. विजयच्या मनातला हेतू मात्र सोमवारपासून तोच आहे. मग कायदा नेमकं काय मोजतो?

गुन्हा घडण्याच्या चार पायऱ्या धरल्या जातात: इरादा, तयारी, प्रयत्न आणि पूर्ण झालेला गुन्हा. नुसत्या इराद्याला शिक्षा नाही. सोमवारी विजयने रोजनिशीत "शनिवारी ते घर फोडणार" असं लिहिलं असतं, तरी तेवढ्यावर खटला उभा राहिला नसता. तयारीलाही साधारणपणे शिक्षा नाही. याची कारणं व्यवहारातली आहेत. कटावणी घेणारे बहुतेक लोक घर फोडणारे नसतात. तयारीच्या कृती बाहेरून पाहिल्या तर दोन्ही अर्थांनी वाचता येतात. आणि या टप्प्यावर माणसाला मागे फिरायला भरपूर जागा असते. शुक्रवारी खरेदी करून शनिवारी रात्री झोपून राहिलेल्या माणसाने कोणाचंही काही बिघडवलेलं नसतं. त्याला शिक्षा करायची, तर त्याच्या विचारांनाच शिक्षा केल्यासारखं होईल.

प्रयत्नाला मात्र शिक्षा आहे. ती भारतीय न्याय संहितेच्या कलम 62 मध्ये दिली आहे. 1 जुलै 2024 पूर्वी हीच तरतूद भारतीय दंड संहितेचं कलम 511 म्हणून ओळखली जायची. 511 वरचे जुने निकाल तत्त्व तेच असल्यामुळे आजही वापरले जातात. प्रयत्न म्हणजे काय, याची व्याख्या मात्र या कलमात नाही. गुन्ह्याचा प्रयत्न करताना गुन्ह्याच्या दिशेने कोणतीही कृती केली तर शिक्षा होईल, एवढंच ते सांगतं. "दिशेने" म्हणजे किती जवळ, हे ठरवायचं काम न्यायालयांवर सोपवलेलं आहे. गेली दीडशेहून अधिक वर्षं वाद चालू आहे तो याच शब्दावर.

तो वाद समजून घेण्याआधी एक गोष्ट पक्की करावी लागते, आणि बहुतेक गोंधळ तिथेच होतो. "विजय तयारीत होता की प्रयत्नात?" हा प्रश्न अर्धवट आहे. पूर्ण प्रश्न असा: कोणत्या गुन्ह्याच्या प्रयत्नात?

विजयच्या शनिवारच्या रात्रीत एकच गुन्हा नाही. चोरीच्या इराद्याने तो भिंतीवरून आवारात उतरला, तिथेच कलम 329 खालचा अतिक्रमणाचा गुन्हा पूर्ण झाला. तो छोटा आहे, तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेचा, पण पूर्ण आहे. त्या वेळी घरफोडी अजून झालेली नाही आणि चोरी तर फारच लांब आहे. कटावणी कडीत अडकवून जोर लावला तेव्हा घरफोडीचा प्रयत्न सुरू झाला. कुलूप तुटून तो आत शिरला तेव्हा घरफोडी पूर्ण झाली, आणि चोरी अजूनही झालेली नाही. कपाटाला हात घातला तेव्हा चोरीचा प्रयत्न सुरू झाला. लॉकरमध्ये दागिन्यांची डबी असती आणि ती त्याने जागेवरून हलवली असती, तर चोरीही तिथेच पूर्ण झाली असती. मग भीतीने डबी खाली टाकून तो पळाला असता, तरी फरक पडला नसता. चोरीच्या व्याख्येत वस्तू नेण्यासाठी हलवणं पुरतं, ती घराबाहेर जावी लागत नाही.

म्हणजे एकच कृती एका गुन्ह्याच्या दृष्टीने पूर्णत्व असते, दुसऱ्याच्या दृष्टीने प्रयत्न आणि तिसऱ्याच्या दृष्टीने तयारी. चोरी करता आली नाही म्हणून सगळ्या प्रकरणाला "चोरीचा प्रयत्न" म्हणून मोकळं होणारे लोक पूर्ण झालेली घरफोडी विसरतात, आणि या रात्रीतला सर्वांत जड गुन्हा तर तोच आहे.

घरफोडी पूर्ण व्हायला किती आत जावं लागतं? फारसं नाही. घरात शिरणाऱ्याच्या शरीराचा कोणताही भाग आत गेला, तरी कायद्याच्या दृष्टीने तो प्रवेश ठरतो. कुलूप तोडून दार किलकिलं केलं आणि कडी काढायला हात आत घातला, तर घरफोडी झाली. दार ढकललंच नाही, कुलूप नुसतं तुटून खाली पडलं आणि तेवढ्यात कोणी आलं, तर तो घरफोडीचा प्रयत्न. या दोहोंमध्ये अंतर वीतभर असतं, पण शिक्षेची कमाल मर्यादा तिथे दुप्पट होते.

आता खऱ्या वादाच्या पट्ट्याकडे येऊ. सोमवार ते शुक्रवार तयारी, याबद्दल कोणाचं दुमत नाही. कटावणीचा जोर कडीवर पडला की प्रयत्न, याबद्दलही नाही. वाद आहे तो शनिवारी रात्री दीड ते दोन वाजून दहा या चाळीस मिनिटांबद्दल. विजय रस्त्यावर असताना, आवारात असताना आणि दारासमोर कटावणी हातात घेऊन उभा असताना तो कुठल्या पायरीवर आहे?

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल या पट्ट्याच्या दोन टोकांना उभे आहेत आणि ते शेजारी ठेवून वाचावे लागतात.

पहिला 1968 चा. ऑक्टोबर 1966 मध्ये पंजाबातून परवान्याशिवाय भात बाहेर नेण्यावर बंदी होती. भाताच्या पोत्यांनी भरलेला एक ट्रक दिल्लीपासून सुमारे 32 मैलांवर, समालखा इथल्या नाक्यावर अडवला गेला. तेव्हा समालखा पंजाबातच होतं आणि राज्याची हद्द अजून पुढे होती. परवाना नाही, ट्रक दिल्लीच्या दिशेने निघालेला, तरीही न्यायालयाने ही केवळ तयारी मानली आणि आरोपी सुटले. कारण असं दिलं, की समालखा ते हद्द या अंतरात कोणी त्यांना परवाना नसल्याची जाणीव करून दिली असती आणि त्यांचं मन बदललं असतं, हे पूर्णपणे शक्य होतं. तिथून ते परत फिरले असते, तर आधी केलेली प्रत्येक कृती निरुपद्रवी ठरली असती.

दुसरा 1980 चा, आपल्या वसईजवळच्या कामण खाडीचा. सप्टेंबर 1968 मध्ये एका रात्री सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी एका जीपचा आणि ट्रकचा माग काढला. दोन्ही वाहनं खाडीच्या पुलाजवळ थांबली आणि चांदीच्या विटा उतरवायला सुरुवात झाली. अधिकारी पोचले त्याच सुमारास खाडीतून यांत्रिक बोटीच्या इंजिनाचा आवाज ऐकू आला. दंडाधिकाऱ्यांनी चांदी देशाबाहेर पाठवण्याच्या प्रयत्नाबद्दल शिक्षा दिली. ठाण्याच्या सत्र न्यायालयाने ती रद्द केली आणि उच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. त्या दोन्ही न्यायालयांचं म्हणणं असं होतं, की चांदी अजून जमिनीवर होती, बोटीत चढली नव्हती, म्हणून ही तयारीच. महाराष्ट्र सरकारच्या अपिलावर न्यायमूर्ती सरकारिया आणि न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी हे मत फिरवलं आणि तो प्रयत्न ठरवला.

न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी आपल्या स्वतंत्र निकालात प्रयत्नाचे तीन घटक सांगितले. विशिष्ट गुन्हा करण्याचा हेतू हवा. त्या गुन्ह्याच्या दिशेने एखादी कृती झालेली हवी. आणि ती कृती अभिप्रेत परिणामाच्या निकटची हवी. हे निकटपण वेळ आणि कृती यांच्या संदर्भात मोजायचं नसतं, तर हेतूच्या संदर्भात मोजायचं असतं. म्हणजे आजूबाजूच्या परिस्थितीसकट ती कृती पाहिल्यावर हाच गुन्हा करण्याचा हेतू पुरेशा खात्रीने दिसतो का? रात्रीची वेळ, सुनसान खाडी, लपवून आणलेली चांदी आणि बोटीचा आवाज हे सगळं एकत्र पाहिल्यावर दुसरा अर्थ उरतच नाही.

त्याच निकालात 1968 च्या "मन बदललं असतं तर" या कसोटीलाही मर्यादा घातली गेली. ती त्या प्रकरणाच्या तथ्यांपुरती होती. तिथे गुन्हा पूर्ण होण्यापासून आरोपी इतके लांब होते, की मन बदलायला खरोखर वाव होता. ती सरसकट नियम म्हणून वापरली, तर शेवटच्या क्षणी अडवला गेलेला प्रत्येक आरोपी म्हणेल की मी आता परतच फिरणार होतो.

आता विजयकडे परत. दीड वाजता दुचाकीवर असताना तो समालख्याच्या ट्रकसारखा आहे, किंबहुना त्याहूनही लांब. पिशवीत कटावणी आहे, पण कुठलं घर आणि काय करायला, हे कृतीतून दिसत नाही. ही तयारी. आवारात उतरल्यावर अतिक्रमण पूर्ण झालं, तरी घरफोडीच्या बाबतीत माझ्या मते तो अजून तयारीतच आहे. इमारतीत अनेक घरं असतात. आवारातल्या गाड्याही असतात. सायकल चोरायला आलेला माणूसही तिथेच सापडला असता. ज्या कृतीवरून गुन्हाच ओळखता येत नाही, ती त्या गुन्ह्याचा प्रयत्न म्हणणं कठीण आहे.

दारासमोर कटावणी बाहेर काढल्यावर चित्र बदलतं. विशिष्ट घर, बंद दार, रात्रीचे दोन, हातात त्याच कामाचं हत्यार. पुढची एकच हालचाल बाकी. इथे दोन वकील दोन बाजूंनी ताकदीने भांडू शकतात. माझा कल प्रयत्नाकडे आहे, पण एका अटीवर: बुधवारची टेहळणी किंवा त्या कुटुंबाच्या गैरहजेरीची माहिती यांसारखा स्वतंत्र पुरावा हवा. तो नसेल, तर जिन्यात कटावणीसह सापडलेला माणूस एवढंच चित्र उरतं आणि संशयाचा फायदा त्याला मिळायला हवा. एक सावधगिरीही सांगायला हवी. खाडीचा निकाल देताना न्यायमूर्ती सरकारिया यांनी स्पष्ट म्हटलं होतं की तस्करीसारख्या आर्थिक गुन्ह्यांच्या कायद्यात "प्रयत्न" या शब्दाचा अर्थ व्यापक घ्यायला हवा. घरफोडीच्या खटल्यात तो निकाल वाचताना ही पार्श्वभूमी झाकून चालत नाही.

उलट बाजूची चूकही तितकीच नेहमीची आहे. शेवटची कृती झाल्याशिवाय प्रयत्न होत नाही, असं अनेकांना वाटतं. ते बरोबर नाही. 1961 च्या एका निकालात एका माणसाने पदवी नसताना आपण पदवीधर आणि शिक्षक आहोत असं सांगून पाटणा विद्यापीठाच्या एम.ए. परीक्षेला खासगी विद्यार्थी म्हणून बसण्याची परवानगी मिळवली होती. खोटेपणा उघडा पडला आणि तो परीक्षेला बसलाच नाही. त्याच्या वतीने म्हटलं गेलं की ही तर तयारी. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अर्ज लिहून तयार झाला तिथे तयारी संपली, आणि तो विद्यापीठाकडे रवाना केला त्या क्षणी फसवणुकीचा प्रयत्न सुरू झाला. गुन्ह्याच्या शेवटच्या पायरीच्या लगतची कृतीच हवी, असं नाही. स्वतःच्या टेबलावरचा अर्ज दुसऱ्याच्या हातात जायला निघतो, तिथे रेषा पडली.

मागे फिरण्याचा मुद्दा इथेच येतो. जुन्या इंग्रजी निकालातलं गंजीचं उदाहरण वकिलांना पाठ असतं. एक माणूस गवताच्या गंजीला आग लावायला काडी पेटवतो, कोणी पाहतंय असं दिसताच ती विझवतो. तो आग लावण्याचा प्रयत्न ठरला. विजयने कडीवर जोर लावला आणि कुत्रं भुंकलं म्हणून पळाला, तर प्रयत्न झाला. कोणी आलं नाही, पण त्यालाच पश्चात्ताप झाला आणि तो निघून गेला, तरीही प्रयत्न झाला. रेषा एकदा ओलांडली की आपल्या कायद्यात मागे जाऊन ती पुसता येत नाही. स्वतःहून थांबल्याचा विचार न्यायाधीश शिक्षा ठरवताना करू शकतात, दोष ठरवताना नाही. उलट जिन्याच्या पायथ्याशी स्वतःहून फिरला असता, तर घरफोडीच्या प्रयत्नाचा प्रश्नच आला नसता.

आणि रिकामा लॉकर? जिथे दागिनेच नाहीत तिथे त्यांची चोरी होऊ शकत नाही, मग प्रयत्न कसला, असा प्रश्न सहज मनात येतो. त्याचं उत्तर खुद्द कलमाच्या उदाहरणांत आहे, आणि ती उदाहरणं दंड संहितेपासून चालत आलेली आहेत. पेटी फोडली आणि आत दागिना नव्हता, तरी चोरीचा प्रयत्न. खिशात हात घातला आणि खिसा रिकामा निघाला, तरी चोरीचा प्रयत्न. चोराला माहीत नसलेल्या योगायोगाने तो निष्पाप ठरत नाही.

शिक्षेचा हिशेब एकदा समोर मांडला की पायऱ्या का महत्त्वाच्या आहेत ते दिसतं. कलम 62 प्रमाणे प्रयत्नाला मूळ गुन्ह्याच्या कमाल कारावासाच्या निम्म्यापर्यंत कारावास, किंवा दंड, किंवा दोन्ही. राहत्या घरातल्या चोरीला कलम 305 खाली सात वर्षांपर्यंत कारावास आहे, म्हणून तिच्या प्रयत्नाला साडेतीन वर्षांपर्यंत. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी चोरीच्या उद्देशाने केलेल्या घरफोडीला कलम 331(4) खाली चौदा वर्षांपर्यंत, म्हणून तिच्या प्रयत्नाला सात वर्षांपर्यंत. मूळ गुन्ह्याला जन्मठेप असेल, तर निम्मं काढण्यासाठी कलम 6 प्रमाणे जन्मठेप वीस वर्षांची धरतात, म्हणजे प्रयत्नाला दहा वर्षांपर्यंत. ज्या गुन्ह्याला नुसता दंड आहे, त्याच्या प्रयत्नाला कलम 62 लागू होत नाही. प्रयत्नाचा गुन्हा दखलपात्र आहे का, जामीनपात्र आहे का, हेही मूळ गुन्ह्यावरून ठरतं.

काही गुन्ह्यांच्या प्रयत्नाला स्वतःचं वेगळं कलम आहे आणि तिथे कलम 62 वापरायचं नसतं. खुनाचा प्रयत्न हे सर्वांत ओळखीचं उदाहरण. पूर्वीचं 307, आताचं 109. दहा वर्षांपर्यंत शिक्षा, आणि त्या कृतीत इजा झाली तर जन्मठेपेपर्यंत.

तयारीला शिक्षा नाही या नियमाला ठळक अपवाद आहेत. वर्तमानपत्रात "दरोड्याच्या तयारीतील टोळी जेरबंद" ही बातमी अधूनमधून वाचायला मिळते. तयारी गुन्हा नसेल तर ही अटक कशी, असा प्रश्न पडतो. उत्तर असं, की दरोड्याची तयारी हा कलम 310(4) खाली स्वतंत्र गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरीचा. दरोड्यासाठी जमणं हाही 310(5) खाली वेगळा गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंतचा. दरोडा म्हणजे पाच किंवा अधिक माणसांनी मिळून केलेली जबरी चोरी किंवा तिचा प्रयत्न. त्यामुळे या खटल्यांत पहिला प्रश्न असतो माणसं किती होती. चौघे पकडले आणि "पाचवा अंधाराचा फायदा घेऊन पळाला" असं लिहिलं, तर तो पाचवा खरोखर तिथे होता हे सिद्ध करावं लागतं. ते जमलं नाही, तर चौघांची जबरी चोरीची तयारी उरते, आणि तिला संहितेत शिक्षा नाही. सरकारविरुद्ध युद्ध पुकारण्यासाठी शस्त्रं जमवणं, बनावट नोटा तयार करण्याची साधनं बाळगणं, ही अशीच आणखी उदाहरणं. यांत नुकसान इतकं मोठं असतं किंवा पुढच्या टप्प्यावर अडवणं इतकं अवघड असतं, की कायदा आधीच हात घालतो.

विजयसोबत एक साथीदार असता आणि दोघांनी मिळून घर फोडायचं ठरवलं असतं, तर कलम 61 खाली फौजदारी कटाचा प्रश्न सोमवारीच उभा राहिला असता. गुन्हा करायचं परस्परांत ठरवणं हाच तिथे गुन्हा आहे. एकटा माणूस मात्र स्वतःशी कट करू शकत नाही.

महाराष्ट्रात आणखी एक तरतूद आहे आणि विजयच्या रस्त्यावरच्या तीस मिनिटांना तीच सर्वांत जवळची आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 चं कलम 122 सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत घरफोडीचं साहित्य योग्य कारणाशिवाय बाळगण्याला, किंवा गुन्ह्याच्या उद्देशाने चेहरा झाकून सापडण्याला शिक्षा देतं. इथे घरफोडीचा प्रयत्न सिद्ध करावा लागत नाही. म्हणून गस्तीवरच्या पोलिसांनी रस्त्यात पकडलेल्या विजयवर हेच कलम योग्य आहे. घाईने घरफोडीच्या प्रयत्नाचं कलम लावलं, तर जे सिद्ध करता आलं असतं तेही हातचं जाण्याचा धोका असतो. दखलपात्र गुन्ह्याचा बेत कळला आणि तो दुसऱ्या मार्गाने रोखता येत नसेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 170 खाली प्रतिबंधक अटकही करता येते. ती शिक्षा नव्हे, आणि दुसऱ्या कारणाने कोठडीची गरज नसेल तर चोवीस तासांपलीकडे चालत नाही.

तयारी गुन्हा नसली तरी वाया जात नाही, ही गोष्ट आरोपीलाही माहीत हवी आणि तपास अधिकाऱ्यालाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 6 प्रमाणे हेतू, तयारी आणि आधीचं-नंतरचं वर्तन हे पुरावा म्हणून ग्राह्य आहे. शुक्रवारच्या खरेदीची पावती किंवा बुधवारच्या टेहळणीचं सीसीटीव्ही चित्रण यावर एकट्याने शिक्षा होणार नाही. पण शनिवारी दारासमोर नेमकं काय चाललं होतं याचा अर्थ लावायला तेच उपयोगी पडतं. विजयने पोलिसांपुढे दिलेली कबुली मात्र त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. म्हणून हेतू कृतीतूनच दाखवावा लागतो.

त्यामुळे असे खटले बहुधा युक्तिवादात हरत नाहीत, पंचनाम्यात हरतात. "आरोपी संशयास्पदरीत्या मिळून आला, त्याच्याकडे घरफोडीचे साहित्य मिळाले" या एका ओळीवरून न्यायाधीशाला कळत नाही, की तो रस्त्यावर होता, जिन्यात होता की दाराला भिडला होता. लिहायला हवं ते असं: आरोपी कोणत्या दारासमोर, किती फुटांवर उभा होता, हत्यार पिशवीत होतं की हातात, कडीवर, कुलपावर किंवा चौकटीवर ओरखडे, वाकलेपण, उडालेला रंग होता का, ते ताजे दिसत होते का, कटावणीच्या टोकाला तोच रंग लागला होता का, घर बंद होतं हे कोणी सांगितलं. कुलूप आणि कटावणी दोन्ही जप्त करून तपासणीला पाठवली, तर खुणा जुळतात की नाही हे तज्ज्ञ सांगू शकतो. कुलूप तसंच दाराला सोडून फक्त कटावणी जप्त केली, तर प्रयत्नाचा सर्वांत मजबूत साक्षीदार जागेवरच राहिला. बचाव पक्षाचा वकील उलटतपासणीत याच जागा शोधतो, आणि त्या शोधणं त्याचं कामच आहे.

दोषारोप ठेवताना अडचण थोडी कमी आहे. घरफोडीचा आरोप ठेवला आणि पुराव्यातून आत प्रवेश सिद्ध झाला नाही, तरी घरफोडीच्या प्रयत्नाबद्दल दोषी ठरवता येतं, त्यासाठी वेगळा आरोप असण्याची गरज नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 245 मध्ये तशी मुभा आहे. उलट दिशेने मात्र हे चालत नाही. आरोप फक्त प्रयत्नाचा असेल आणि पुराव्यातून पूर्ण घरफोडी दिसली, तर त्याच आरोपावर पूर्ण गुन्ह्याची शिक्षा देता येत नाही, आधी आरोप बदलावा लागतो. म्हणून विजयचा हात दाराच्या आत गेला होता की नाही, याबद्दल शंका असेल तेव्हा सरकारी वकील आरोप पूर्ण घरफोडीचाच ठेवून घेतात.